सहा नोंदी आणि तीन सूत्रं

एक चेंडू सरळ वर फेकला आहे. हातातून सुटल्यापासून पहिल्या एका सेकंदात, दर ०.२ सेकंदाला तो किती उंचीवर होता, अशा सहा नोंदी आपल्याकडे आहेत. प्रश्न एवढाच, की १.२ सेकंदाला तो कुठे असेल? या सहा नोंदींवर तीन वेगवेगळी सूत्रं बसवली, तर तीन उत्तरं मिळतात: ६.५७ मीटर, ४.६५ मीटर आणि ९.०० मीटर. यातलं तिसरं सूत्र सहाच्या सहा नोंदींमधून नेमकं जातं, एका मिलिमीटरचाही फरक पडत नाही. आणि सगळ्यांत जास्त चुकतं तेच, कारण चेंडूची खरी उंची त्या क्षणी ४.८० मीटर आहे.

हातातल्या माहितीशी शंभर टक्के जुळणारं सूत्र पुढच्याच पावलाला चार मीटरहून अधिक कसं चुकतं? संख्याशास्त्रात आणि आजच्या मशीन लर्निंगमध्ये या प्रश्नाची चर्चा ‘बायस’ आणि ‘व्हेरिअन्स’ या दोन शब्दांभोवती फिरते. हे दोन शब्द व्याख्येतून पाठ करण्यापेक्षा या चेंडूच्या आकड्यांमधून उलगडलेले बरे. इथला प्रत्येक आकडा वही-पेन्सिल घेऊन ताडून पाहता येईल इतकं हे गणित छोटं आहे.

मांडणी अशी. चेंडूचा सुरुवातीचा वेग सेकंदाला १० मीटर. गुरुत्वत्वरण ९.८ च्या ऐवजी १० धरू, म्हणजे हिशेब सोपा होईल. हवेचा अडथळा तूर्त सोडून देऊ. मग शाळेत शिकलेल्या नियमाप्रमाणे उंचीचं सूत्र होतं:

h = 10t − 5t²

त्यानुसार ०, ०.२, ०.४, ०.६, ०.८ आणि १.० सेकंदाला खऱ्या उंची अनुक्रमे ०, १.८०, ३.२०, ४.२०, ४.८० आणि ५.०० मीटर येतात. पण आपल्याला नियम माहीत नाही असं समजू. आपल्याजवळ फक्त मोबाइलवर घेतलेलं चित्रण आहे आणि मागच्या भिंतीवर उंचीच्या खुणा आहेत. चेंडू पुसट दिसतो, कॅमेरा तिरका असतो, त्यामुळे प्रत्येक नोंदीत साधारण १० सेंटिमीटरची चूक इकडे किंवा तिकडे होते. वहीत उतरलेले आकडे आहेत ०.०५, १.९०, ३.१०, ४.३०, ४.७५ आणि ४.९०. पुढे जे काही घडतं त्याचं मूळ या बारीक चुकांमध्ये आहे.

आता सूत्र बसवायचं. बीजगणितातल्या बहुपदी इथे उपयोगी पडतात. एक कोटीची बहुपदी म्हणजे सरळ रेषा. दोन कोटीची म्हणजे t² असलेली, आलेखावर अन्वस्त काढणारी. पाच कोटीची म्हणजे t⁵ पर्यंत जाणारी, अनेक ठिकाणी वळू शकणारी वक्ररेषा. कोटी ठरली की सहगुणक निवडायचे असतात, आणि त्यासाठी वापरतात ती पद्धत दोनशे वर्षांहून जुनी आहे. प्रत्येक नोंद आणि वक्र यांच्यातल्या उभ्या अंतराचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज घ्यायची, आणि ही बेरीज कमीत कमी होईल असे सहगुणक शोधायचे. फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी धूमकेतूंच्या कक्षांवरच्या आपल्या पुस्तकात १८०५ साली ती छापली. पद्धत तीच ठेवून आपण फक्त कोटी बदलणार आहोत.

आधी सरळ रेषा. ती नोंदींपासून सरासरी ५२ सेंटिमीटर दूर राहते. (ही आणि पुढची अशी सरासरी अंतरांचे वर्ग करून, त्यांची सरासरी काढून, मग वर्गमूळ घेऊन काढलेली आहे.) मोजणीतली चूक १० सेंटिमीटरच्या घरात असताना अर्ध्या मीटरचा फरक पडतो, तेव्हाच संशय यायला हवा. त्याहून बोलका पुरावा फरकांच्या चिन्हांत दिसतो. पहिली नोंद रेषेच्या खाली, मग सलग चार नोंदी रेषेच्या वर, आणि शेवटची पुन्हा खाली. केवळ मोजणीच्या चुका असत्या तर वर-खाली असं कसंही झालं असतं. इथे मधला सगळा भाग वर आणि दोन्ही टोकं खाली आहेत, म्हणजे नोंदींमध्ये एक वळण आहे आणि रेषेला ते घेताच येत नाही. रेषेच्या हिशेबी चेंडू एकाच वेगाने वर जात राहतो, म्हणून १.२ सेकंदाला ती ६.५७ मीटर सांगते. खरं तर १.० सेकंदाला चेंडू सर्वोच्च बिंदूवर पोचलेला आहे आणि तिथून तो खाली यायला लागतो. सूत्राची ऐपतच कमी पडणं, याला म्हणतात अंडरफिटिंग.

पाच कोटीच्या बहुपदीत सहा सहगुणक असतात. नोंदीही सहाच. त्यामुळे प्रत्येक नोंदीतून जाणारा वक्र नेहमीच सापडतो आणि तो एकमेव असतो. फरकांची बेरीज शून्य. पण शून्य कशामुळे आली? नोंदींमध्ये चेंडूचा नियम होता आणि मोजणीच्या चुकाही होत्या, आणि या सूत्राने दोन्ही सारख्याच निष्ठेने टिपलं. ०.६ सेकंदाची नोंद १० सेंटिमीटर जास्त होती आणि ०.४ सेकंदाची १० सेंटिमीटर कमी. त्या उलटसुलट चुकांमधून नेमकं जाण्यासाठी वक्राला पिळे घ्यावे लागले. t⁵ चा सहगुणक, जो खऱ्या नियमात शून्य आहे, तो इथे सुमारे ६७.७ निघतो. नोंदींच्या टप्प्यात बाकीची पदं या पदाला आवरून धरतात. टप्पा संपला की आवरणारं कोणी राहत नाही. १.२ सेकंदाला ९.०० मीटर, आणि १.४ सेकंदाला २७.७ मीटर. सहा नोंदींशी नेमका जुळलेला वक्र दोन पावलांत नऊ मजली इमारतीच्या उंचीवर जातो, आणि खरा चेंडू त्या वेळी ४.२ मीटरवर उतरत असतो. हे ओव्हरफिटिंग.

दोन कोटीची बहुपदी नोंदींपासून सरासरी ७ सेंटिमीटर दूर राहते. नोंदींमध्ये मुळात जेवढी चूक होती साधारण तेवढीच. १.२ सेकंदासाठी तिचं उत्तर ४.६५ मीटर, म्हणजे १५ सेंटिमीटर कमी.

इथवरचं तर कुठल्याही प्राथमिक पुस्तकात सापडेल. विषयाचा गाभा मात्र पुढच्या प्रश्नात आहे. समजा तोच चेंडू, तसाच फेकला, आणि नोंदी दुसऱ्यांदा घेतल्या. नियम तोच, चुका नव्या. या वेळी वहीत उतरले −०.१०, १.८५, ३.३०, ४.१५, ४.९० आणि ५.०५. (पहिली नोंद ऋण आहे, कारण उंची हाताच्या पातळीवरच्या खुणेपासून मोजली आहे.) पहिल्या आणि दुसऱ्या वहीतल्या कोणत्याही जोडीत २० सेंटिमीटरहून जास्त अंतर नाही.

आता तिन्ही सूत्रं पुन्हा बसवू. सरळ रेषा पहिल्या वेळी ६.५७ म्हणाली होती, आता ६.७७ म्हणते. दोन कोटीची बहुपदी ४.६५ म्हणाली होती, आता ४.८० म्हणते. आणि पाच कोटीची? पहिल्या वेळी ९.००, आता १.५०. तिच्या t⁵ च्या सहगुणकाने चिन्हही बदललं आहे. तो आता उणे ४१.७ आहे. हा वक्र १.४ सेकंदाला हाताच्या पातळीखाली १३ मीटर जातो.

रेषेची दोन्ही उत्तरं एकमेकींच्या जवळ आहेत, पण दोन्ही सत्यापासून जवळपास दोन मीटर दूर आणि एकाच बाजूला. पाच कोटीची दोन उत्तरं सत्याच्या दोन विरुद्ध बाजूंना, साडेसात मीटरच्या अंतरावर. चुकण्याचे हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. मोजणी हजारो वेळा केली आणि प्रत्येक वेळच्या उत्तरांची सरासरी काढली, तर ती सरासरी सत्यापासून जेवढी दूर राहील तो बायस. आणि ती उत्तरं आपापल्या सरासरीभोवती जेवढी विखुरतील तो व्हेरिअन्स. हा विखुरलेपणा वर्गात मोजतात. त्याचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन, आणि ते सेंटिमीटरमध्ये येत असल्यामुळे समजायला सोपं जातं.

हजारो वेळा चेंडू फेकण्याची गरज नाही. समान अंतरावरच्या नोंदी असल्या की हे आकडे कागदावर काढता येतात. सरळ रेषेची सरासरी ६.६७ मीटर, म्हणजे बायस १८७ सेंटिमीटर, आणि विखुरणं अवघं ९ सेंटिमीटर. दोन कोटीची सरासरी बरोबर ४.८०, बायस शून्य, विखुरणं १८ सेंटिमीटर. तीन कोटीचं विखुरणं ३६, चार कोटीचं ८७, आणि पाच कोटीचं ३०४ सेंटिमीटर. पाच कोटीचाही बायस शून्यच आहे, कारण तिच्यात दोन कोटीची बहुपदी सामावलेली असते. सरासरीने पाहिलं तर ती अगदी बरोबर आहे. पण हजार वह्यांची सरासरी आपल्या हाती कधीच नसते. हाती एकच वही असते, आणि त्या एका वहीवर तीन मीटरचा हेलकावा बसतो.

हा हेलकावा येतो कुठून, हे पाहण्यासारखं आहे. पाच कोटीच्या बहुपदीने पुढची उंची काढायची तर सूत्र न बसवताही काढता येते. सहाव्या नोंदीला ६ ने गुणा, पाचवीला उणे १५ ने, चौथीला २० ने, तिसरीला उणे १५ ने, दुसरीला ६ ने, पहिलीला उणे १ ने, आणि बेरीज घ्या. पहिल्या वहीचे आकडे घालून पाहा, बरोबर ९.०० येतील. चौथ्या नोंदीत १० सेंटिमीटरची चूक असेल, तर ती वीसपट होऊन उत्तर दोन मीटरने हलवते. दोन कोटीच्या बहुपदीसाठी हेच गुणक पहिल्या नोंदीपासून क्रमाने ०.५, −०.३, −०.६, −०.४, ०.३ आणि १.५ आहेत. तिथे चौथ्या नोंदीतली तीच १० सेंटिमीटरची चूक उत्तराला फक्त ४ सेंटिमीटरने हलवते. दोन्ही संचांतल्या गुणकांची बेरीज १ च आहे. फरक आहे तो त्यांच्या आकारात. लवचीक सूत्र मोठ्या धन आणि मोठ्या ऋण गुणकांनी काम करतं. खऱ्या उंची त्यात एकमेकींना नेमक्या छेदून जातात आणि बरोबर उत्तर उरतं, पण चुका परस्परांशी संबंधित नसल्यामुळे तशा छेदल्या जात नाहीत. त्या फुगतात. गुणकांच्या वर्गांची बेरीज दोन कोटीसाठी ३.२ आहे आणि पाच कोटीसाठी ९२३. ‘व्हेरिअन्स वाढतो’ असं पुस्तकात लिहिलेलं असतं, त्याचा प्रत्यक्ष अर्थ हा आहे.

बायस आणि व्हेरिअन्स यांना जोडणारं समीकरण लहानसं आहे. नव्या नोंदीचा अंदाज बांधताना होणाऱ्या चुकीच्या वर्गाची सरासरी तीन भागांत विभागली जाते:

error² = bias² + variance + noise²

तिसरा भाग, म्हणजे नव्या मोजणीतलीच १० सेंटिमीटरची चूक, कोणतंही सूत्र कमी करू शकत नाही. उरलेल्या दोघांत देवघेव चालते. सूत्राची कोटी वाढवली की बायस कमी होतो आणि व्हेरिअन्स वाढतो. कोटी उतरवली की उलट. आपल्या उदाहरणात नियम नेमका दोन कोटीचा असल्यामुळे बायस दोनवर येताच शून्य झाला आणि तिथून पुढे नुसतं नुकसानच होतं. प्रत्यक्ष जगात नियम इतका स्वच्छ क्वचितच असतो. बायस हळूहळू, प्रत्येक कोटीला थोडा थोडा उतरतो, आणि कुठे थांबायचं हा खरा प्रश्न होतो. मशीन लर्निंगच्या जगात ही विभागणी सर्वांपर्यंत पोचली ती स्टुअर्ट गेमन, एली बिएनेनस्टॉक आणि रने दुर्सा यांच्या १९९२ च्या लेखामुळे. न्यूरल नेटवर्कनाही याच कसोटीला लावलं पाहिजे, हे त्यांनी त्यात दाखवलं.

या देवघेवीतून एक निष्कर्ष निघतो, आणि माझ्या मते या विषयातला तोच सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. समजा मोजणी फारच ढोबळ होती. १० सेंटिमीटरच्या जागी प्रत्येक नोंदीत साधारण दीड मीटरची चूक. सरळ रेषेचा बायस तोच, १८७ सेंटिमीटर. विखुरणं वाढून सुमारे १४० सेंटिमीटर. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढलं तर एकूण चूक सुमारे २३३ सेंटिमीटर. दोन कोटीच्या बहुपदीचा बायस शून्य, पण विखुरणं २६८ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू अन्वस्तावरूनच जातो हे पक्कं माहीत असूनही, १.२ सेकंदाची उंची सांगायला सरळ रेषा अधिक बरी! हे पारडं फिरतं ते मोजणीतली चूक सुमारे १ मीटर २२ सेंटिमीटर झाली की. त्याहून स्वच्छ नोंदी असतील तर वक्र घ्या, त्याहून मळकट असतील तर रेषा. कोणतं सूत्र चांगलं हे नुसत्या निसर्गनियमावर ठरत नाही. हातातल्या नोंदी किती आहेत आणि किती भरवशाच्या आहेत, यावरही ते तितकंच ठरतं. ‘वास्तव गुंतागुंतीचं आहे, म्हणून सूत्रही गुंतागुंतीचं हवं’ हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा पडतो.

इथे वाचक विचारेल की खरी उंची ४.८० हे आपण आधीच धरून चाललो म्हणून हे सगळं सांगता आलं, ज्याला सत्य माहीत नाही त्याने काय करायचं? उपाय साधा आहे. शेवटची नोंद झाकायची, पहिल्या पाचांवर सूत्रं बसवायची, आणि झाकलेल्या नोंदीचा अंदाज करायचा. पहिल्या वहीत १.० सेकंदाची नोंद ४.९० मीटर आहे. पाच नोंदींवर बसवलेली सरळ रेषा तिथे ६.३६ सांगते. दोन कोटीची बहुपदी ४.९६. आणि पाचही नोंदींतून नेमकी जाणारी चार कोटीची बहुपदी २.३०. भौतिकशास्त्राचा एक शब्दही न वापरता निकाल लागला: दोन कोटीचं सूत्र ६ सेंटिमीटरने चुकलं, बाकीची दीड ते अडीच मीटरने.

नोंद कोणती झाकायची, हे मात्र विचार करून ठरवावं लागतं. शेवटच्या ऐवजी मधली, ०.६ सेकंदाची नोंद झाकली असती तर? उरलेल्या पाचांतून जाणारी चार कोटीची बहुपदी तिथे ४.०४ सांगते, प्रत्यक्ष नोंद ४.३०. फक्त २६ सेंटिमीटरचा फरक. दोन्ही बाजूंना नोंदी असल्यामुळे वक्राला तिथे भरकटायला जागाच नसते आणि ओव्हरफिटिंग झाकलं जातं. आपला प्रश्न पुढच्या काळाचा होता, म्हणून परीक्षाही पुढच्या काळाचीच हवी. पीक, पाऊस, विक्री, विजेची मागणी, अशा काळाच्या क्रमाने येणाऱ्या नोंदींत मधल्या नोंदी वाटेल तशा उचलून परीक्षा घेतली, तर सूत्र आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. दुसरी चूकही सर्रास होते. झाकलेली नोंद पुन्हा पुन्हा उघडून, तिच्याशी जुळेपर्यंत सूत्रं बदलत राहायचं. तसं केलं की ती नोंद परीक्षेची राहत नाही, ती सरावातलीच होते.

नोंदी वाढवल्या तर? मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो, म्हणजे पहिल्या सेकंदातून ३१ नोंदी मिळू शकतात. प्रत्येक नोंदीची चूक स्वतंत्र आहे असं धरलं, तर पाच कोटीचं विखुरणं तीन मीटरवरून साधारण एक-सव्वा मीटरवर येतं आणि दोन कोटीचं सुमारे १० सेंटिमीटरवर. सरळ रेषा मात्र जवळजवळ दोन मीटरनेच चुकत राहते. अंडरफिटिंग झालेल्या सूत्राला कितीही नोंदी दिल्या तरी ते सुधारत नाही, आणि ओव्हरफिटिंग झालेल्याला त्या मदत करतात. त्यामुळे ‘अजून डेटा गोळा करू’ असं म्हणण्याआधी आजार कोणता आहे ते पाहून घ्यावं. ओळखायची खूण आपण पाहिलीच: ज्या नोंदींवर सूत्र बसवलं तिथेच ते खूप चुकत असेल तर बायस, तिथे उत्तम पण झाकलेल्या नोंदीवर कोसळत असेल तर व्हेरिअन्स.

दोन कोटीची बहुपदीही कायमची बरोबर नाही. चेंडूऐवजी बॅडमिंटनचं फूल वर फेकलं, तर हवेचा अडथळा इतका मोठा असतो की त्याचा आलेख अन्वस्तापासून स्पष्टपणे ढळतो. तिथे हेच सूत्र अंडरफिटिंग करेल आणि फरकांची चिन्हं पुन्हा ओळीने सारखी दिसू लागतील.

मर्यादा आणखी एक. मिखाइल बेल्किन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दाखवलं की सहगुणकांची संख्या नोंदींच्या संख्येपेक्षाही खूप वाढवत नेली, तर काही प्रकारच्या सूत्रांमध्ये चूक एकदा शिखर गाठून पुन्हा उतरू लागते. आजची प्रचंड न्यूरल नेटवर्क सगळ्या नोंदींशी जुळूनही उपयोगी ठरतात, त्याचा या निरीक्षणाशी संबंध आहे. वरचं समीकरण त्यामुळे मोडत नाही. बायस, व्हेरिअन्स आणि मोजणीची चूक यांची बेरीज तिथेही तशीच होते. फक्त सहगुणक वाढले की व्हेरिअन्स वाढतच जाणार, हा समज सार्वत्रिक नाही, एवढं सिद्ध होतं. सहा नोंदी आणि पाच कोटीची बहुपदी या आपल्या प्रसंगात मात्र त्यातून दिलासा मिळत नाही. जिथे सहगुणक आणि नोंदी सारख्याच संख्येने असतात, त्या शिखरावरच आपण उभे आहोत.

हे सगळं Excel मध्ये करून पाहता येतं. पहिल्या वहीतल्या वेळा आणि उंची दोन स्तंभांत लिहा, Scatter आलेख काढा, बिंदूंवर राइट-क्लिक करून Add Trendline निवडा. Polynomial खाली Order २ ठेवा आणि Forecast मध्ये Forward च्या चौकटीत 0.2 लिहा, मग Order ५ करा. खाली Display R-squared value वर खूण केलीत तर Order ५ ला आकडा १ दिसेल, म्हणजे पूर्ण जुळणी, आणि त्याच क्षणी वक्र आलेखाच्या वरच्या टोकाकडे ९ मीटरवर झेपावलेला असेल. मग स्वतःच्या नोंदी घ्या: घरातल्या वीजबिलाच्या, विहिरीच्या पाण्याच्या पातळीच्या, मुलाच्या उंचीच्या. शेवटची नोंद आधी झाकून ठेवा, आणि जे सूत्र तिच्या सर्वांत जवळ जाईल तेच वापरा.